टीव्ही कुठे अडतो ते पाहा

साताऱ्यात मी व्हिडिओ मिक्सिंगचं काम करते. लग्नं, सेवापूर्तीचे समारंभ, शाळांची स्नेहसंमेलनं, पतसंस्थांच्या वार्षिक सभा अशी कामं असतात आणि ती कराडमार्गे पार सांगली-मिरजेपर्यंत पसरलेली असतात. यातली बहुतेक कामं यूट्यूबवर जात नाहीत. ती पेन ड्राइव्हवर जातात. कुणाच्या तरी घरच्या टीव्हीवर, शाळेच्या वर्गात किंवा मंगल कार्यालयातल्या प्रोजेक्टरवर लागतात. लोक जमलेले असतात, पाहुणे बसलेले असतात आणि फिल्म त्याच क्षणी सुरू व्हावी लागते. म्हणून रंग, संगीत, कापाकापी यांच्याइतकंच लक्ष मी एक्स्पोर्टच्या शेवटच्या पायरीवर देते. या पायरीनं मला जे शिकवलं ते इथे सांगते.

पहिली गोष्ट अशी की कॉम्प्युटरवर फाईल चालली, यावरून टीव्हीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. कॉम्प्युटरवर व्हीएलसीसारखा प्लेअर असतो आणि तो जवळपास कुठलीही फाईल उलगडतो, कारण उलगडण्याचं काम सॉफ्टवेअर करतं आणि ते सॉफ्टवेअर नवं होत राहतं. टीव्हीत हे काम एका चिपकडे असतं. ती चिप बनली त्या दिवशी तिला जे प्रकार ठाऊक होते, तेवढेच तिला आयुष्यभर कळतात. त्यामुळे फाईल बनवायची ती त्या जागी असलेल्या सर्वांत जुन्या यंत्रासाठी.

दुसरी गोष्ट मला बऱ्याच उशिरा उमगली आणि तिनं माझ्या कामाची पद्धतच बदलली. ‘टीव्हीवर लागत नाही’ ही एकच तक्रार नसते. टीव्ही फाईलपर्यंत टप्प्याटप्प्यानं पोचतो. आधी पेन ड्राइव्ह ओळखतो, मग फाईल यादीत दाखवतो, मग चित्र उलगडतो, मग आवाज, आणि त्यानंतर शेवटपर्यंत न अडखळता चालवतो. तो कोणत्या टप्प्यावर अडला ते पाहिलं की दोष कुठे आहे ते कळतं. म्हणून फोन आला की मी आधी विचारते, ‘टीव्हीवर नेमकं काय दिसतंय?’ पेन ड्राइव्ह लावल्यावर काहीच उमटत नसेल, तर फाईलला हात लावायचं कारण नाही. पेन ड्राइव्हचं फॉरमॅट बघायचं. फाईल दिसते पण उघडत नाही, तर चित्राचा कोडेक. चित्र आहे पण आवाज नाही, तर आवाजाचा कोडेक. चालू होऊन अडखळतं, तर बिटरेट. आणि मध्येच थांबतं, तर बहुतेक वेळा कॉपी अर्धवट झालेली असते.

तासगाव भागातल्या एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचा प्रसंग सांगते, कारण त्यात यातले बरेच टप्पे एकत्र आले होते. शाळेचा एक माजी विद्यार्थी पुण्याला नोकरी करतो. त्यानं हौसेनं, स्वतःच्या खर्चानं बेचाळीस मिनिटांची फिल्म केली होती. जुने शिक्षक, पहिल्या तुकडीतले विद्यार्थी, शाळेला जमीन देणाऱ्या घरातल्या आजी, सगळ्यांच्या मुलाखती होत्या. काम मन लावून केलेलं होतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी शाळेत लावून बघितली, तर टीव्हीवर काहीच येईना. मुख्याध्यापकांनी माझा नंबर दिला आणि तो संध्याकाळी पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, ‘ताई, माझ्या लॅपटॉपवर एकदम स्वच्छ चालतेय. टीव्ही खराब असेल का?’

टीव्ही खराब नव्हता. तो देणगीतून 2012 साली घेतलेला होता. फिल्मची फाईल मी मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडली. हा प्रोग्रॅम फाईल चालवत नाही, ती कशाची बनली आहे तेवढं वाचून दाखवतो. फोर-के चित्र, कोडेक HEVC म्हणजेच H.265, रंगाची खोली 10 बिट, आवाज PCM, आकार चौदा जीबीच्या वर, आणि हे सगळं .mov फाईलमध्ये. H.265 हे मानक 2013 साली मंजूर झालं. 2012 साली विकल्या गेलेल्या टीव्हीच्या चिपला ते ठाऊक असण्याची शक्यताच नव्हती. त्याचा आधीचा H.264 मात्र 2003 सालचा आहे आणि यूएसबीवरून व्हिडिओ चालवणारा बहुतेक प्रत्येक फ्लॅट टीव्ही तो ओळखतो. फक्त त्यातही रंग 8 बिटचा लागतो आणि रंगाची मांडणी 4:2:0 लागते. चांगले कॅमेरे आता 10 बिटमध्ये चित्रण करतात. मिक्सिंगला ते उत्तमच, पण तेच पुढे एक्स्पोर्टमध्ये राहिलं तर फाईलवर H.264 असं नाव असूनही टीव्ही ती नाकारतो.

इथे पुष्कळ लोक फसतात ते फाईलच्या शेपटाला. .mp4 किंवा .mov हा नुसता डबा आहे. आत भाजी कुठली आहे ते डब्याच्या झाकणावरून कळत नाही. नाव बदलून .mov चं .mp4 केलं तर फाईल कदाचित टीव्हीच्या यादीत दिसू लागेल, पण आतलं चित्र तेच राहील आणि टीव्ही पुढच्या टप्प्यावर अडेल.

पण त्या टीव्हीवर फाईल यादीतसुद्धा आली नव्हती, कारण अडचण त्याच्याही आधीची होती. पेन ड्राइव्ह 64 जीबीचा होता आणि exFAT मध्ये फॉरमॅट केलेला. मोठी फाईल मावावी म्हणून त्यानं ते केलं होतं, आणि कॉम्प्युटरच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. जुने टीव्ही मात्र exFAT ओळखत नाहीत. सगळ्यांना वाचता येतं ते FAT32. त्याला एक पक्की मर्यादा आहे: एकच फाईल चार जीबीपेक्षा मोठी चालत नाही. नेमका आकडा 4,294,967,295 बाइट. पेन ड्राइव्हवर कितीही जागा रिकामी असली तरी याहून मोठी फाईल टाकायला गेलं की विंडोज ‘The file is too large for the destination file system’ असं सांगून थांबतं. लोकांना वाटतं पेन ड्राइव्ह भरला.

म्हणजे फिल्म चार जीबीच्या आत आणणं भाग होतं. यासाठी मी एक सोपा हिशोब वापरते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला 8 मेगाबिट हा बिटरेट ठेवला तर सेकंदाला 1 एमबी, आणि मिनिटाला 60 एमबी. बेचाळीस मिनिटांचे 2520 एमबी. आवाजासाठी सेकंदाला 192 किलोबिट धरले तर त्याचे आणखी साधारण 60 एमबी. एकूण 2.6 जीबीच्या आसपास. फिल्म FAT32 वर आरामात बसते. याच हिशोबानं 70 मिनिटांहून थोडी लहान फिल्म एका फाईलमध्ये मावते. आणि 1080 च्या चित्राला 8 मेगाबिट पुरतात का? मुलाखती, जुने फोटो, शाळेचं आवार एवढं असेल तर छान पुरतात. लेझीम, गुलालाची मिरवणूक, पाऊस असं सगळी चौकट हलवणारं चित्र असेल तर मी 12 मेगाबिटपर्यंत जाते आणि लांबी सांभाळते.

मी त्याला विचारलं, फिल्म सेकंदाला किती चौकटींची आहे? पंचवीस. तीच ठेवली. पन्नास चौकटींची असती तर मी ती पंचवीसवर आणली असती. H.264 मध्ये ‘लेव्हल’ नावाची पायरी असते आणि जुने टीव्ही 4.1 पर्यंतच चढतात. 1080 च्या चित्राला 4.1 मध्ये सेकंदाला तीसच चौकटी बसतात, पन्नासला 4.2 लागते. जे कुणी फाईल थेट मिक्सिंगच्या प्रोग्रॅममधून काढतात त्यांनी तिथल्या खिडकीत हेच निवडायचं: H.264, प्रोफाईल High, लेव्हल 4.1, 1920×1080, आवाज AAC स्टिरिओ. त्याची तयार फाईल होती म्हणून मी ती ffmpeg नं बदलली. ही आज्ञा मी एका मजकूर फाईलमध्ये कायमची ठेवली आहे:

```
ffmpeg -i film.mov -vf "scale=1920:1080,fps=25,format=yuv420p" -c:v libx264 -profile:v high -level 4.1 -b:v 8M -maxrate 12M -bufsize 12M -c:a aac -b:a 192k -ac 2 -ar 48000 film.mp4
```

यातलं yuv420p म्हणजे 8 बिट आणि 4:2:0. maxrate हा वरचा बांध आहे. सरासरी 8 असली तरी एखाद्या धावपळीच्या दृश्यात बिटरेट एकदम उसळतो आणि तिथेच टीव्ही अडखळतो, म्हणून उसळीलाही सीमा घालायची. PCM आवाजाच्या जागी AAC आला. PCM तसाच राहिला असता तर अनेक टीव्हींवर चित्र चाललं असतं आणि आजींच्या तोंडातून शब्दच आला नसता.

फाईल होईपर्यंत मी त्याला दुसरा, 32 जीबीचा पेन ड्राइव्ह FAT32 करायला सांगितला. विंडोजच्या फॉरमॅटच्या नेहमीच्या खिडकीत 32 जीबीपर्यंतच FAT32 चा पर्याय मिळत आला आहे, म्हणून मी मोठे पेन ड्राइव्ह घेतच नाही. त्याचा लॅपटॉप मॅक होता. मॅकवरून कॉपी केलं की FAT32 पेन ड्राइव्हवर प्रत्येक फाईलसोबत ‘._’ नं सुरू होणारी एक लहानशी फाईल तयार होते. मॅकवर ती दिसत नाही, टीव्हीवर दिसते. शाळेतल्या शिपायानं रिमोटनं नेमकी तीच निवडली तर ‘फाईल चालत नाही’ असं उत्तर येणार. म्हणून कॉपी माझ्या विंडोज मशिनवरून केली आणि पेन ड्राइव्हवर त्या एका फिल्मखेरीज काहीही ठेवलं नाही. नाव इंग्रजी अक्षरांत, लहान, मध्ये मोकळी जागा न सोडता: 01_shala.mp4. देवनागरी नाव जुन्या टीव्हीच्या यादीत चौकोन होऊन येतं आणि कुठली फाईल कुठली ते कळत नाही.

मी चाचणीसाठी दुकानात एक जुना टीव्ही मुद्दाम ठेवला आहे. पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरमधून ‘इजेक्ट’ करून काढला, त्या टीव्हीला लावला आणि सुरुवात, मध्य आणि शेवटचं मिनिट असं तीन ठिकाणी पाहिलं. शेवटचं मिनिट यासाठी की कॉपीची पट्टी पूर्ण झालेली दिसली तरी काही वेळा शेवटचा भाग अजून पेन ड्राइव्हवर उतरत असतो. इजेक्ट न करता उपटला की फाईल दिसते, चालते आणि दोन-तृतीयांशाला थांबते. अशी फाईल कॉम्प्युटरवरच्या मूळ प्रतीवरून तपासून उपयोग नसतो, ती पेन ड्राइव्हवरूनच तपासावी लागते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. फिल्म लागली होती, शेवटपर्यंत चालली होती आणि लोकांनी पुन्हा लावायला सांगितली होती.

लग्नाच्या फिल्मला चार जीबीची मर्यादा वेगळ्या रीतीनं सोडवावी लागते. तीन तासांची फिल्म एका फाईलमध्ये बसवायला बिटरेट निम्म्याहून खाली आणला तर अक्षतांच्या वेळी चित्राचे ठोकळे होतात. त्यापेक्षा ती लग्नाच्याच टप्प्यांवर कापावी. हळद, सीमांतपूजन, लग्न, वरात अशा फायली 01, 02, 03 क्रमांकानं ठेवल्या की बरेच टीव्ही एकामागून एक आपोआप लावतात. घरातल्या माणसांनाही हवा तो भाग रिमोटनं गाठता येतो.

हॉलमधला प्रोजेक्टर हे मात्र वेगळंच प्रकरण. साताऱ्याचं शाहू कला मंदिर किंवा सांगलीचं विष्णुदास भावे नाट्यमंदिर ही नाटकासाठी बांधलेली सभागृहं आहेत. मंगल कार्यालयं तर जेवणावळी आणि अक्षतांसाठी असतात. अशा ठिकाणी पडदा आणि प्रोजेक्टर बहुधा कार्यक्रमापुरता भाड्यानं येतो आणि कुठला येईल ते आधी ठाऊक नसतं. प्रोजेक्टरला यूएसबीचं तोंड दिसलं म्हणून हायसं वाटून घेऊ नये. अनेक प्रोजेक्टरांत ते फक्त फोटो दाखवण्यासाठी किंवा दुरुस्तीवाल्यासाठी असतं. म्हणून मी आयोजकांना सांगते, पेन ड्राइव्ह द्या, पण सोबत एक लॅपटॉप ठेवा आणि फिल्म आधी लॅपटॉपच्या डिस्कवर कॉपी करून घ्या.

लॅपटॉप आला की चित्राचा प्रश्न जवळजवळ संपतो आणि आवाजाचा सुरू होतो. जुन्या व्हीजीए वायरमधून आवाज जातच नाही. एचडीएमआयमधून जातो, पण तो प्रोजेक्टरच्या पोटातल्या छोट्या स्पीकरमधून, छताजवळून, बारीक ऐकू येतो. हॉलच्या स्पीकरांतून आवाज हवा असेल तर लॅपटॉपच्या हेडफोनच्या छिद्रातून साऊंडवाल्याच्या मिक्सरपर्यंत स्वतंत्र वायर लागते, आणि लॅपटॉपच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये एचडीएमआयऐवजी हेडफोन निवडावा लागतो.

एवढं करूनही एका सेवापूर्ती समारंभात एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. फिल्म दुसऱ्या कुणीतरी केलेली होती, मी तिथे चित्रीकरणाला गेले होते. पार्श्वसंगीत खणखणीत येत होतं आणि माणसं बोलू लागली की नुसते ओठ हलत होते. निवृत्त होणाऱ्या गुरुजींच्या सहकाऱ्यांची मनोगतं कुणालाच ऐकू येईनात. कारण असं होतं: कॉलरच्या माइकचा आवाज फाईलमध्ये फक्त डाव्या बाजूला होता आणि मिक्सरला दोन बाजूंपैकी एकच, उजवी, जोडलेली होती. संगीत दोन्ही बाजूंना होतं म्हणून ते येत होतं. मी साऊंडवाल्या दादांना वायर दुसऱ्या बाजूला लावायला सांगितली आणि पुढची मनोगतं ऐकू आली. घरी दोन स्पीकर असतात, कानाला दोन इअरफोन असतात, त्यामुळे हा दोष मिक्सिंगच्या खोलीत जाणवत नाही. हॉलमध्ये मात्र पुष्कळदा एकच बाजू वापरली जाते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फाईलमध्ये बोलणं दोन्ही बाजूंना सारखं असतं, आणि देण्याआधी मी एकच इअरफोन घालून ऐकते, आधी डावा, मग उजवा. दोन्हीकडे प्रत्येक माणूस स्पष्ट ऐकू आला पाहिजे.

प्रकाशानंही मला शिकवलं. 2016 साली पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा राज्यातल्या तीन तालुक्यांत झाली. त्यांतला एक आमचा कोरेगाव, आणि पहिलं बक्षीसही कोरेगावातल्याच वेळू गावाला मिळालं. पुढच्या काही वर्षांत आमच्या भागातल्या गावांना आपापल्या श्रमदानाची फिल्म हवी असायची आणि ती देवळासमोर, पडद्यावर किंवा पांढऱ्या भिंतीवर, सगळ्या गावासमोर लागायची. पहाटेच्या अंधुक उजेडात टिकाव-खोऱ्यानं चर खणणारी माणसं मॉनिटरवर सुरेख दिसायची. पण देवळासमोर दिव्यांचा उजेड असतो आणि प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. जिथे काळं हवं तिथे भिंतीवर आधीच जेवढा उजेड असेल तेवढाच दिसतो. त्यामुळे चित्रातला गडद भाग सगळा एक होऊन जातो आणि माणसांचे चेहरे त्यात बुडतात. यावर उपाय म्हणजे प्रोजेक्टरसाठी वेगळी प्रत काढायची आणि तिच्यात मधल्या छटा उजळ करायच्या. सगळं चित्र उजळायचं नाही, नाहीतर आकाश आणि पांढरे सदरे उडून जातात. मी मिक्सिंगच्या खोलीतला दिवा लावते, मॉनिटरपासून लांब जाऊन उभी राहते आणि तिथून चेहरे ओळखू येतात का ते बघते.

नावांच्या पाट्यांचंही तसंच. भाड्याचे कित्येक प्रोजेक्टर 1024×768 चे असतात. त्यावर आपलं रुंद चित्र 1024×576 एवढंच बसतं, वरखाली काळे पट्टे येतात आणि मूळची 60 पिक्सेल उंचीची अक्षरं 32 पिक्सेलची होतात. देवनागरीत वेलांटी, उकार, अनुस्वार ही बारीक कामं असतात आणि सर्वांत आधी तीच नाहीशी होतात. म्हणून 60 पिक्सेलपेक्षा लहान अक्षर मी ठेवत नाही आणि बारीक रेघेचा फॉन्ट वापरत नाही. बरेच टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापतात, तेव्हा पाट्या चौकटीच्या आतल्या 90 टक्के भागात ठेवते. मराठी उपशीर्षकं वेगळ्या .srt फाईलमध्ये देण्याचा मोह टाळते. अनेक टीव्हींना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. ‘श्रमदान’चे तुकडे पडतात किंवा चौकोन उमटतात. उपशीर्षकं चित्रातच छापलेली असली की हा प्रश्नच उरत नाही.

आता काम घेतानाच मी विचारते, फिल्म कशावर लागणार आहे? टीव्ही असेल तर त्याच्या मागच्या पट्टीचा फोटो मागवते, त्यावर मॉडेल नंबर असतो. हॉल असेल तर प्रोजेक्टर आणि आवाजाची जोडणी कुणाकडे आहे त्यांचा नंबर घेते. कार्यक्रमाला एकसारखे दोन पेन ड्राइव्ह पाठवते आणि दोन्ही दुकानातल्या जुन्या टीव्हीवर लावून बघितलेले असतात.

मात्र पेन ड्राइव्हवरची ती 8 मेगाबिटची फाईल ही त्या कार्यक्रमापुरती, त्या टीव्हीपुरती प्रत आहे. तिच्यात फोर-केचा बारकावा राहिलेला नसतो आणि तो पुन्हा आणता येत नाही. लोक माझ्याकडे वडिलांच्या भाषणाची, बहिणीच्या लग्नाची जुनी व्हीसीडी घेऊन येतात आणि मोठ्या टीव्हीसाठी ती स्वच्छ करून मागतात. व्हीसीडीतलं चित्र 352×288 चं असतं. त्या काळच्या टीव्हीसाठी ते चालून गेलं, पण मूळ टेप पुसून पुन्हा वापरली गेली आणि आता तेवढंच शिल्लक आहे. म्हणून त्या माजी विद्यार्थ्यालाही मी हेच सांगितलं: तुझी चौदा जीबीची फाईल अजिबात पुसू नकोस. ती दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेव. एक तुझ्याकडे आणि एक शाळेच्या कपाटात. टीव्ही बदलतील, तेव्हा त्या टीव्हीसाठीची नवी प्रत त्यातूनच काढायची आहे.